सात सूत, जरा दाबून

बहिणीने पाठवलेला फोटो तिरका होता. वहीचं अर्धं पान, अर्ध्या पानावर तिच्याच डोक्याची सावली, आणि मधोमध लाल पेनाची फुली. रविवारची दुपार होती. मी हिंगणघाटच्या माझ्या खोलीत आठवड्याचे कपडे पिळत होते. हात पुसून फोन घेतला तर फोटोखाली बाबांचा आवाज आला होता: "बाईंचा फोन आलता. पोरगी ऐकून नाई राह्यली म्हणे. उद्या फळ्यावर सोडवून दाखवाले सांगितलं. तू पाह्य बापा जरा, मले हे छेद-बिद समजत नाई."

बाबांना फक्त रस्ते समजतात. देवळीत ते शाळेच्या पोरांचा ऑटो चालवतात आणि घरी आले की गप्प बसतात. आई गेल्यापासून तर जास्तच.

फोटो मोठा करून पाहिला. सहावीच्या वर्गात बाईंनी सांगितलं होतं, एक छेद दोन आणि एक छेद तीन हे अपूर्णांक घ्या, त्यांच्या बेरजेचं शाब्दिक उदाहरण स्वतः तयार करा आणि सोडवा. बहिणीने गोल अक्षरात लिहिलं होतं: "माझी आई फ्रॉकला खाली एक छेद दोन इंच निळी पट्टी लावते. तिच्याखाली एक छेद तीन इंच पांढरी पट्टी लावते. दोन्ही मिळून पट्ट्या किती रुंद?"

आईला जाऊन चौदा महिने झाले होते. मी ते "लावते" पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग बादलीतलं पाणी उगाचच ओतून दिलं.

उत्तर होतं सात छेद आठ. त्याच्यापुढे पेन्सिलीची एक बारीकशी आडवी रेघ होती, घासल्यासारखी. बाईंनी फुली मारून लिहिलं होतं, "पुन्हा सोडव." खाली पुन्हा सात छेद आठ, तशाच रेघेसकट. पुन्हा फुली. तिसऱ्यांदाही सात छेद आठ, आणि या वेळी पेन्सिल इतकी दाबली होती की फोटोतही कागद खचलेला दिसत होता.

मला राग आला. मी रागीट आहेच, आमच्या घरी हे गुपित नाही. पण हा राग वेगळा होता. गणितात ही पोरगी माझ्यापेक्षा हुशार होती. चुकली असती तर दोन छेद पाच लिहिलं असतं, वरचे वरचे आणि खालचे खालचे मिळवून. सगळी पोरं तसंच चुकतात, मीही चुकायचे. हे सात छेद आठ आलं कुठून?

फोन लावला.

"हे काय लिहून ठेवलं तू?"

"उत्तर आहे."

"बाईंनी तीनदा चूक दिली न?"

"बाईले नाई समजत."

"हाव, बाईले नाई समजत, मले नाई समजत, अख्ख्या देवळीत तुलेच समजते!"

 ती गप्प बसली आणि मला तिच्यामागचा आवाज ऐकू आला. खट-खट, खट-खट, खट-खट. थांबून थांबून, संथ. तो आवाज मी जन्मापासून ओळखते. आईच्या शिलाई मशीनचा पायटा.

"मशीन कोण चालवून राह्यलं?" मी विचारलं.

"मीच तं. इथं बसून अभ्यास करतो न मी. पट्टा काढून ठेवलाय बाबांनी. नुसते पाय हलवतो." आमच्याकडे पोरीही "करतो, जातो" म्हणतात, शहरातल्या माझ्या मैत्रिणींना त्याचं फार हसू येतं. मला त्या दिवशी हसू आलं नाही. आईच्या स्टुलावर बसून, आईच्या पायट्यावर पाय ठेवून ती पोर रोज अभ्यास करत होती आणि मला चौदा महिन्यांत हे माहीत नव्हतं. मी महिन्यातून दोनदा घरी जायचे तेव्हा मशीनवर चादर टाकलेली असायची.

मशीन मला कधीच आवडलं नाही. आईची फार इच्छा होती की मी तिच्यापाशी बसून ब्लाऊज कापायला शिकावं, आणि मी दर वेळी पुस्तक घेऊन बाहेर ओट्यावर पळायचे. मला शिकायचं होतं, नोकरी करायची होती, टेप गळ्यात अडकवून दुसऱ्यांच्या छात्या मोजायच्या नव्हत्या. हे मी तिला तोंडावर म्हटलं होतं. ती हसली होती आणि म्हणाली होती, "नको मोजू मा. कोणी जबरदस्ती करून राह्यलं काय?" शेवटी मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागले आणि दुसऱ्यांचं रक्त मोजायला लागले. आईचे रिपोर्ट घरात सगळ्यांत आधी मीच वाचायचे. आणि घरी सांगताना आकडे थोडे बरे करून सांगायचे.

त्या सगळ्या महिन्यांत धाकटी आईपाशी होती. आई खाटेवर पडून मापं सांगायची आणि ही दहा वर्षांची पोर जमिनीवर कापड पसरून खडूने रेघा मारायची. मला वाटायचं, दोघींचा खेळ चाललाय.

"बरं," मी आवाज खाली आणून म्हटलं, "सात छेद आठ कसं काढलं ते सांग. मी चिडत नाई."

"चिडशील."

"नाई चिडत, शप्पथ."

"अर्धा इंच म्हणजे चार सूत," ती म्हणाली. "तिसरा हिस्सा म्हणजे तीन सूत, जरा दाबून. चार अन् तीन सात. एका इंचाचे सूत आठ. म्हणून सात छेद आठ. जरा दाबून."

पायटा थांबला होता. मी खोलीच्या दारात उभी होते, दोरीवरचे कपडे टपटप गळत होते, आणि माझ्या कानात माझी बहीण बोलत होती पण बोलणं तिचं नव्हतं. "जरा दाबून" म्हणताना आई दोन्ही शब्दांच्या मधे किंचित थांबायची. बहीण तिथेच थांबली होती.

मग मी फोटो पुन्हा उघडला. आठच्या पुढची ती पेन्सिलीची घासल्यासारखी रेघ. आईच्या मापांच्या वहीत अशा रेघा पानोपानी होत्या. टेपवर माप दोन खुणांच्या मधे आलं की ती पुढची खूण लिहायची आणि तिच्यापुढे आडवी रेघ मारायची. रेघ म्हणजे जरा कमी, "जरा दाबून". ती रेघ आईची होती. तिच्या अक्षरातलं काहीतरी जिवंत, तीन वेळा, लाल फुल्यांच्या मधे.

"तुले हे आईनं शिकवलं?"

"हाव. आई म्हणे, येगयेगळे हिस्से तसेच नाई मिळवाचे. आधी सगळे सुतात आणाचे, मंग मिळवाचे." आणि मग एकदम रडवेली होऊन म्हणाली, "बाई म्हणतात हे पुसून टाक. मी नाई पुसणार. पुसलं म्हणजे आईनं चूक शिकवलं असं होते. आईनं चूक नाई शिकवलं ताई!"

तर हे असं होतं. पोरगी हट्टी नव्हती. ती एका लाल पेनापासून आईला वाचवत होती, एकटी, तीन दिवस. उद्या फळ्यावर तिने सात छेद आठ लिहिलं असतं तर वर्ग हसला असता, आणि बाईंना हवं असलेलं पाच छेद सहा लिहिलं असतं तर तिच्या लेखी आई खोटी ठरली असती. मला तिची कीव आली आणि, खरं सांगायचं तर, तिचा हेवाही वाटला. मला आईने शिकवलेलं असं काहीच आठवत नव्हतं ज्यासाठी मी भांडले असते.

"आईनं चूक नाई शिकवलं," मी म्हटलं. "उलट बाई जे शिकवून राह्यल्या तेच शिकवलं. कागद घे. टेप आहे का तिथं?"

"मशीनच्या खिळ्याले आहे. कोणी नाई काढत ती."

"काढ."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काढली."

"आता सांग, अर्धा अन् तिसरा हिस्सा असे सरळ काऊन नाई मिळवता येत?"

"हिस्से सारखे नाईत. अर्धा मोठा, तिसरा लहान. एक मोठा अन् एक लहान मिळून दोन म्हटलं तं दोन काय?"

"शाब्बास. म्हणजे दोघांले सारख्या हिश्शात आणाचं. त्यालेच बाई समान छेद म्हणतात. आईचं सूत म्हणजे आठ छेद. अर्धा इंच सुतात नीट बसला न? चार सूत, चार छेद आठ. पुरा. आता तिसरा हिस्सा पाहू. आठ सुतांचे तीन सारखे हिस्से कर."

ती पुटपुटत मोजू लागली. "दोन, दोन, दोन... दोन उरले. तीन, तीन, अन् दोन. नाई होत ताई."

"नाईच होणार. आठाले तीननं भाग जात नाई. टेपवर तिसऱ्या हिश्शाची खूणच नाई, म्हणून आई दाबून सांगे. टेपपाशी जे होतं त्यात तिनं भागवलं. आता आपण अशी टेप बनवू जिच्यात दोनाचेही हिस्से बसतील अन् तिनाचेही."

"कितीची?"

"तूच सांग. दोननंही भाग जाते, तीननंही भाग जाते, असा सगळ्यात लहान आकडा."

"सहा," ती लगेच म्हणाली. मी सांगितलं न, ती हुशार आहे.

मी तिला कागदाची सहा इंची पट्टी कापायला लावली. हिलाच आपला एक इंच समज, म्हटलं, भिंगातून पाहिल्यासारखा मोठा केलेला. तिला ते पटेना. "सहा इंच म्हणजे एक इंच कसा होईन?" असं तिने चारदा विचारलं आणि तिसऱ्यांदा मी पुन्हा ओरडणार होते. पण त्याच वेळी मागे पायटा एकदा खट वाजला आणि माझं तोंड आपोआप मिटलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पट्टी केवढीही घे, सहा सारखे हिस्से कर, एक हिस्सा म्हणजे एक छेद सहा. पट्टी लांब झाली म्हणून अर्ध्याचा पाऊण होत नाही.

"आता पट्टीचा अर्धा कर. किती हिस्से?"

"तीन."

"म्हणजे एक छेद दोन आणि तीन छेद सहा एकच. प्रत्येक अर्ध्याचे तीन तुकडे केले, म्हणून खालीही तीननं गुणलं अन् वरही तीननं. आता तिसरा हिस्सा."

"दोन. दोन छेद सहा. खाली-वर दोननं गुणलं." तिचा आवाज बदलत चालला होता. "तीन हिस्से अन् दोन हिस्से, पाच. पाच छेद सहा. खालचे सहा नाई मिळवाचे, ते तं हिश्शाचं नाव आहे."

हिश्शाचं नाव! हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी नुसती "हं" म्हणाले.

मला वाटलं, झालं. पण ती म्हणाली, "मंग आई किती चुकली?"

हा प्रश्न येणार हे मला समजायला हवं होतं. मी म्हणाले, थोडंसं, जाऊ दे. रिपोर्ट सांगताना काढायचे तोच आवाज मी काढला होता, आणि तो माझा मलाच ऐकू आला.

"थोडंसं म्हणजे किती? सांग न. सात छेद आठ अन् पाच छेद सहा यायच्यात किती फरक?"

"तूच काढ," मी म्हटलं. "तसंच काढाचं. आठनं अन् सहानं दोघांनीही भाग जाईल असा आकडा."

वहीवर पेन्सिल खरखरत राहिली. आठचा पाढा, सहाचा पाढा. "चोवीस," ती म्हणाली. "सात छेद आठ, वर-खाली तीननं... एकवीस छेद चोवीस. पाच छेद सहा, वर-खाली चारनं... वीस छेद चोवीस." मग थांबली. "एक छेद चोवीस. फक्त एक?"

"फक्त एक. एका इंचाचे चोवीस तुकडे केले तर त्यातला एक."

"केवढा असते तो?"

"कंपासमधली पट्टी घे. एका इंचात पंचवीसेक मिलिमीटर येतात. म्हणजे एक मिलिमीटर धर."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. ड्रॉवर ओढल्याचा. खाली रस्त्यावरून एक ट्रक जाम गावाकडे गेला आणि माझ्या खिडकीची काच थरथरली. मी हॅलो, हॅलो म्हणत राहिले.

"ताई," ती परत आली तेव्हा जवळजवळ कुजबुजत होती, "आईच्या खडूनं रेघ मारली मी कपड्यावर. पट्टी लावून पाह्यली. रेघ किती जाड आहे माहीत आहे? एक मिलिमीटर. बरोब्बर."

"मग?"

"मंग काय मंग! आई म्हणे न, पुढं रेघ असली का खडूच्या आतून कापाचं, खडू बाहेर गेला पाह्यजे. रेघ नसली का खडू धरून कापाचं." ती भराभर बोलत होती. "सात सुताले खडू लावला अन् आतून कापलं तं एक मिलिमीटर कमी होते न? एकवीसातून एक गेला. वीस. आईचंबी पाच छेद सहाच आहे!"

मी हिशेब करून पाहिला. दोनदा केला. ज्या आईने आठवीनंतर शाळा पाहिली नाही, जिला अपूर्णांक हा शब्द माहीत नसावा, ती टेपवर नसलेली खूण खडूच्या जाडीतून कापून काढत होती. खडूला दर वेळी तेवढीच धार नसते, हे मला कळत होतं. मी ते बोलून दाखवलं, कारण आता खोटं सांगायचं नव्हतं: "जवळजवळ तेवढंच. खडू जाड-बारीक होतो."

"आईचा नाई होत," ती म्हणाली.

फळ्यावर काय लिहायचं, तेही आम्ही ठरवलं. एक छेद दोन बरोबर तीन छेद सहा, एक छेद तीन बरोबर दोन छेद सहा, बेरीज पाच छेद सहा, पट्ट्या मिळून पाच छेद सहा इंच रुंद. तिने सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. बाईंनी विचारलं तर कारणही सांगीन म्हणाली. तिचा आवाज मोकळा झाला होता, लहान मुलीचा झाला होता, आणि "जरा दाबून" त्यात कुठेच नव्हतं.

"आता बाबाले सांगतो, जमलं म्हणून," ती म्हणाली. "तू काऊन बोलून नाई राह्यली?"

माझ्या मनात त्या पानावरच्या तीन रेघा होत्या. मापांची वही आईच्या मागे गिऱ्हाइकांचे कपडे परत करताना कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हतं. मी हा फोन लावला होता तो ती उत्तर पुसायला तयार व्हावी म्हणून.

"ऐक," मी म्हटलं, "ते जुनं पुसू नको. नवीन पानावर लिही. ते तसंच राहू दे."

"अवो ताई," ती हसत म्हणाली, "मघाच पुसलं न मी. चोवीस आलं तेव्हाच. मले कुठं लागते आता ते."